एकाच रकान्यात किलो आणि ग्रॅम, रुपये आणि पैसे: स्कॅन केलेल्या तक्त्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वजनाच्या एकाच रकान्यात किलो आणि ग्रॅम मिसळतात तरी कसे?

लिहिणाऱ्याला ते कधी मिसळलेले वाटतच नाहीत. एक किलोपेक्षा कमी वजन असेल तर तो सरळ '६५० ग्रॅ.' लिहितो, पूर्ण किलो असेल तर नुसते '४' आणि दोन्ही असतील तर मध्ये टिंब देऊन '१.२००'. वस्तू त्याच्या डोळ्यांसमोर असते, म्हणून त्याला '५००' लिहितानाही हे ग्रॅमच आहेत याची खात्री असते. पान स्कॅन होऊन मजकूर संगणकात आला की ती वस्तू डोळ्यांसमोरून जाते आणि मागे फक्त आकडे उरतात. मग संगणक ४ किलो आणि ५०० ग्रॅम यांची बेरीज निर्धास्तपणे ५०४ सांगतो.

मग '५००' म्हणजे ग्रॅम आणि '४' म्हणजे किलो असा नियम लावला की झाले ना?

तेवढ्याने सोपा भाग होतो. एकक न लिहिलेला मोठा पूर्णांक ग्रॅमचा आणि लहान पूर्णांक किलोचा, हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. चुकलाच तर हजार पटींची चूक होते, आणि इतकी मोठी चूक नुसत्या नजरेला सापडते.

खरा धोका टिंबात आहे. '२.५०' म्हणजे अडीच किलो की दोन किलो पन्नास ग्रॅम? काही जण टिंब दशांश चिन्ह म्हणून देतात. काही जण डावीकडे किलो आणि उजवीकडे ग्रॅम एवढेच वेगळे दाखवायला देतात, त्यांच्यासाठी ते टिंब म्हणजे निव्वळ दुभाजक. दोन्ही उत्तरे शक्यतेतली आहेत. त्यांच्यात ४५० ग्रॅमचा फरक आहे, पण तो इतका लहान आहे की वाचून कोणाला खटकत नाही. म्हणून मी या कामात सगळ्यात जास्त वेळ टिंबावर घालवतो. या पानावरची बहुतेक उत्तरेही त्याच एका प्रश्नाभोवती फिरतील.

टिंबानंतर तीन अंक असले तर वादच नाही. '२.०५०' दशांश म्हणून वाचा किंवा किलो-ग्रॅम म्हणून वाचा, उत्तर २०५० ग्रॅमच येते. संशय फक्त एक किंवा दोन अंक असलेल्या चौकटींचा.

टिंबाचा अर्थ नक्की कसा ठरवायचा?

त्याच ओळीत दर आणि रक्कम असेल तर ठरवायची गरजच पडत नाही, गुणाकार करून ताळा पाहायचा. सामानाच्या नोंदवहीच्या पानासारखे एक लहान उदाहरण घेऊ. पानावर लिहिले आहे तसेच ते खाली दिले आहे. दर एका किलोचा, रुपयांत.

| वस्तू | वजन | दर | रक्कम |
|---|---|---|---|
| तार | २.५० | ८०/- | १६४.०० |
| खिळे | ६५० ग्रॅ. | ९६/- | ६२.४ |
| दोरी | १.२०० | ११०/- | १३२.०० |
| रंग | ४ | १४५/- | ५८०/- |
| पत्रा | ३.५ | १२०/- | ४२०.०० |
| साखळी | ५०० | ६४/- | ३२.०० |
| एकूण | ११.९०० | | १३९०.४० |

वजनाचा रकाना जसाच्या तसा संगणकाला बेरजेला दिला तर उत्तर ११६१.२० येते. ते चूक आहे हे कोणालाही कळेल, म्हणून ते बाजूला ठेवू.

तारेची ओळ पाहा. अडीच किलो धरले तर ८० च्या दराने २०० रुपये व्हायला हवेत. लिहिलेत १६४. दोन किलो पन्नास ग्रॅम धरले तर बरोबर १६४ येतात. म्हणजे या ओळीत टिंब दुभाजक आहे.

इथे बरेच जण 'नियम सापडला' म्हणून तोच नियम अख्ख्या रकान्याला लावतात. तसे करू नका. पत्र्याच्या ओळीत त्या नियमाने '३.५' म्हणजे ३ किलो ५ ग्रॅम होतील आणि रक्कम ३६०.६० येईल. पानावर ४२० आहेत, म्हणजे वजन साडेतीन किलो. त्याच पानावर, त्याच रकान्यात, टिंब आता दशांश चिन्ह झाले आहे. कदाचित ती ओळ दुसऱ्या कोणी लिहिली असेल, कदाचित त्याच माणसाने घाईत लिहिली असेल. कारण काहीही असो, निर्णय ओळीपुरता घ्यायचा, रकान्यापुरता नाही.

उरलेल्या ओळी पटकन सुटतात. रंग ४ किलो, कारण १४५ ला चारने गुणले की ५८०. साखळी ५०० ग्रॅम, कारण ६४ चे निम्मे ३२. सगळे ग्रॅममध्ये आणले की २०५०, ६५०, १२००, ४०००, ३५०० आणि ५००, बेरीज ११९००. पानावरच्या ११.९०० शी ती जुळते. ओळीचा ताळा आणि पानाचा ताळा दोन्ही जुळले की मग मी पुढच्या पानाला हात लावतो.

रक्कम पूर्ण रुपयात केलेली असेल तर हा ताळा चालतो का?

चालतो, पण गुणाकार तंतोतंत जुळण्याची अपेक्षा सोडावी लागते. रक्कम जवळच्या रुपयाला आणली असेल तर ती जास्तीत जास्त ५० पैशांनी हललेली असते. ८० रुपयांच्या दराला ५० पैसे म्हणजे सव्वासहा ग्रॅम. २०५० आणि २५०० यांतून एक निवडायला एवढी ढिलाई काहीच नाही.

दर फार कमी असला की मात्र ताळा आंधळा होतो. किलोला १ रुपया दर असेल तर ४५० ग्रॅमचा फरक म्हणजे ४५ पैसे, आणि तो रुपयाच्या पूर्णांकात सहज बुडतो. अशा ओळीत गुणाकार जुळला म्हणून निश्चिंत होऊ नका, दुसऱ्या अर्थानेही गुणाकार करून पाहा. दोन्ही जुळत असतील तर त्या ओळीने काहीच सांगितलेले नाही.

दर किंवा रक्कम नाहीच, नुसते वजन आणि खाली बेरीज आहे. मग?

मग नऊचा ताळा वापरा. मला ही युक्ती फार प्रिय आहे, कारण ती फक्त चूक आहे हे सांगून थांबत नाही, कुठे आहे तेही दाखवते.

टिंबानंतर दोन अंक असलेली चौकट चुकीच्या अर्थाने वाचली तर ५० ग्रॅमचे ५०० ग्रॅम होतात, किंवा उलट. म्हणजे दहा पट घ्यायचे तिथे एक पट किंवा एक पट घ्यायचे तिथे दहा पट घेतले. फरक नेहमी त्या अंकांच्या नऊ पट येतो. एकच अंक असेल तर ५ चे ५०० होतात आणि फरक ९९ पट येतो.

वरच्याच पानावर करून पाहू. सगळी टिंबे दशांश धरली तर बेरीज १२३५० येते. पानावर ११९०० आहे. फरक ४५०, त्याला नऊने भागले की ५०. आता ज्या चौकटीत टिंबानंतर '५०' आहे ती शोधा, ती तारेची. उलट सगळी टिंबे दुभाजक धरली तर बेरीज ११४०५ येते. फरक ४९५, आणि ९९ ने भागले की ५. टिंबानंतर एकटा '५' असलेली चौकट पत्र्याची.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, जसे ६३ चे ३६, तरी फरक नऊनेच भागला जातो. म्हणून भागाकार जुळला की लगेच आकडा बदलायचा नाही, आधी स्कॅनमधली ती चौकट डोळ्यांनी पाहायची. आणि एकाच पानावर अशा चार-पाच चौकटी असतील तर सगळ्यांचे फरक एकत्र होतात. मग भागाकारातून एकच चौकट हाती लागत नाही, जोड्या जुळवत बसावे लागते. पान लहान असेल तर ते जमते, साठ ओळींचे असेल तर उपबेरजा शोधा.

बेरीजही नसेल तर?

मग लिहिणाऱ्याची सवय वाचायची. त्याच हाताने इतरत्र '१.२००' आणि '४.५००' असे पूर्ण तीन अंक लिहिले असतील तर तो शेवटची शून्ये गाळणारा माणूस नाही. अशा माणसाचे '२.५०' म्हणजे बहुधा दोन किलो पन्नास ग्रॅम. याउलट पानभर '.५', '.२५', '.७५' एवढेच दिसत असेल तर तो पाव, अर्धा, पाऊण किलोच्या भाषेत विचार करतो, आणि टिंब दशांश आहे.

वजनकाट्याचीही साक्ष मिळते. निःसंशय चौकटींमधली सगळी वजने ५० च्या पटीत असतील तर तिथला काटा किंवा वजने त्यापेक्षा बारीक मोजत नसावीत. मग '३.५' चा अर्थ ३ किलो ५ ग्रॅम असण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. पण हा सगळा अंदाज आहे, ताळा नाही. अशा चौकटींवर तशी खूण राहिली पाहिजे.

रुपये-पैशांत हीच अडचण येते का?

येते, पण कमी. रुपयात शंभर पैसे, त्यामुळे टिंबानंतर दोन अंक असले की दोन्ही अर्थ एकच होतात. संशय फक्त एकाच अंकाचा. वरच्या पानात खिळ्यांची रक्कम '६२.४' आहे. ती ६२ रुपये ४० पैसे की ६२ रुपये ४ पैसे? ६५० ग्रॅम गुणिले ९६ म्हणजे ६२.४०, प्रश्न मिटला. गुणाकार करता आला नसता तरी ६२.०४ धरून एकूण १३९०.०४ आली असती. पानावर १३९०.४० आहे, फरक ३६ पैसे, नऊने भागून ४.

रुपयांत जास्त त्रास देते ते '/-'. ओसीआर ते पुष्कळदा '१-' असे वाचते आणि ८०/- चे ८०१- होते. नंतर कोणीतरी 'आकडे सोडून बाकी चिन्हे काढून टाका' अशी साफसफाई करतो आणि ८० रुपयांचे ८०१ रुपये कायमचे होऊन बसतात. म्हणून चिन्हे काढण्याआधी रकान्यात आडव्या रेघेने संपणाऱ्या चौकटी वेगळ्या काढा आणि त्यांच्यात रेघेआधी १ आहे का ते बघा.

पानावर किलो आणि ग्रॅमसाठी वेगळे उपरकाने आहेत, पण स्कॅनमध्ये ते एकत्र झाले. काय करावे?

मधली उभी रेघ फिकट असली की ती नाहीशी होते आणि '२ | ५०' चे '२५०' होते. रेघ ठळक असली तर ती कधी '१' म्हणून वाचली जाते आणि '२१५०' मिळते. दोन्ही दिसायला साळसूद आकडे आहेत.

इथे मजकुरावर डोके चालवण्यापेक्षा जागा पाहणे चांगले. Tesseract वापरत असाल तर नुसता मजकूर न मागता tsv मागा:

```
tesseract page.png out -l mar --psm 6 tsv
```

यात प्रत्येक शब्दाबरोबर `left` आणि `width` मिळतात. त्यांची बेरीज म्हणजे त्या आकड्याची उजवी कड. उपरकाने असलेल्या पानावर किलोंच्या उजव्या कडा एका उभ्या पट्ट्यात येतात आणि ग्रॅमच्या दुसऱ्या. उजवी कड मी मुद्दाम धरतो, कारण आकडे सहसा उजवीकडे जुळवून लिहिलेले असतात आणि डावी कड अंकांच्या संख्येप्रमाणे सरकत राहते. स्कॅन तिरके असेल तर आधी ते सरळ करा, नाहीतर पट्टे खाली जाता जाता एकमेकांत मिसळतात.

उपरकाने आहेत हे कळले की टिंबाचा प्रश्न आपोआप सुटतो. ग्रॅमच्या उपरकान्यातले '५०' म्हणजे ५० ग्रॅमच.

मजकूर थेट Excel मध्ये चिकटवला तर चालेल का?

कृपया नको. Excel ला '2.50' दिसले की तो त्याची संख्या करतो आणि 2.5 दाखवतो. शेवटचे शून्य गेले. आतापर्यंतच्या सगळ्या उत्तरांत आपण टिंबानंतर किती अंक आहेत यावरच निर्णय घेत आलो आहोत, आणि नेमकी तीच खूण चिकटवल्याक्षणी पुसली जाते. 'दोन किलो पन्नास ग्रॅम' आणि 'दोन किलो पाच ग्रॅम' दोन्ही 2.5 होऊन बसतात, आणि परत फिरायला वाट राहत नाही. '2-50' सारखी चौकट असेल तर तिची तारीखही होऊ शकते.

मी एकदा चाळीस पानांच्या नोंदवहीचे असे नुकसान केले आहे. आकडे नीट दिसत होते, म्हणून ओसीआरची मूळ फाइल पुसून टाकली आणि दोन दिवसांनी बेरजा जुळेनात तेव्हा सगळी पाने पुन्हा स्कॅन करावी लागली.

चौकटी आधी Text प्रकारच्या करा आणि मग चिकटवा, किंवा Text to Columns मध्ये त्या रकान्यासाठी Text निवडा. LibreOffice Calc मध्ये फाइल आत घेतानाच्या खिडकीत रकान्याचा प्रकार Text ठेवता येतो. मूळ मजकुराचा हा रकाना शेवटपर्यंत तसाच राहू द्या. प्रमाणित आकडा, लावलेला नियम आणि ताळा जुळला की नाही, यांसाठी शेजारी तीन नवे रकाने उघडा.

शेवटी सगळे किलोत ठेवायचे की ग्रॅममध्ये?

ग्रॅममध्ये, पूर्णांक म्हणून. पैशांचेही तेच, रक्कम पैशांत पूर्णांक. दाखवताना हवे तर किलो आणि रुपये दाखवा.

कारण असे, की संगणक 0.29 सारखी संख्या आत नेमकी ठेवू शकत नाही. Python मध्ये `int(0.29 * 100)` चे उत्तर 29 येत नाही, 28 येते. एका ओळीत एक पैसा गेला तर बिघडत नाही, पण आपण पैशा-पैशाचा ताळा पाहतो आहोत, आणि असे हरवलेले पैसे नऊच्या ताळ्यात खोटे फरक दाखवतात. म्हणून रूपांतर करताना दशांश संख्या मध्ये येऊच देऊ नका. टिंबाच्या डावीकडचा आणि उजवीकडचा मजकूर वेगळा काढून पूर्णांक बनवा:

```python
def to_gram(text, rule):
    kg, _, g = text.strip().partition(".")
    if len(g) > 3:
        raise ValueError(text)
    if rule == "decimal":
        g = g.ljust(3, "0")
    return int(kg or 0) * 1000 + int(g or 0)
```

`to_gram("२.५०", "decimal")` दिले की 2500 मिळतात. "decimal" च्या जागी "separator" दिले की 2050. देवनागरी अंक `int` ला चालतात, ते आधी बदलण्याची गरज नाही. '६५० ग्रॅ.' सारखी एककासह लिहिलेली चौकट इथे पाठवू नका, ती आधीच वेगळी काढून सरळ ६५० घ्या. टिंबानंतर चार अंक आले तर फंक्शन थांबते. तसे मुद्दाम ठेवले आहे, कारण ग्रॅममध्ये चौथा अंक बहुधा शेजारच्या रकान्यातून घुसलेला असतो.

प्रत्येक संशयित चौकटीसाठी हे दोन्ही नियमांनी चालवा, दोन्ही उत्तरांना दराने गुणा आणि रक्कम ज्याच्याशी जुळेल तो नियम लिहून ठेवा.

जुन्या पानावर रुपये-आणे-पै असतील तर?

भारतात १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. १९६४ पर्यंत त्यांना 'नवे पैसे' म्हणत. १९५७ च्या आधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. पद्धत तीच ठेवा, फक्त सर्वात लहान एकक पै धरा. ५-८-६ म्हणजे ९६० अधिक ९६ अधिक ६, एकूण १०६२ पै. मधल्या स्थानी १६ किंवा जास्त आणि शेवटी १२ किंवा जास्त दिसले तर वाचनात चूक आहे. नऊचा ताळा इथे लागू पडत नाही, कारण तो दहाच्या पटींवर उभा आहे.

एखादी चौकट कशानेच ठरली नाही तर?

प्रमाणित आकड्याची जागा रिकामी सोडा आणि शेजारी दोन्ही शक्य आकडे लिहा, '२०५० / २५००' असे. सरासरी काढू नका, तशी नोंद कोणी कधी केलेलीच नव्हती. पानाची एकूण द्यायची असेल तर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन बेरजा द्या. पुढे कोणाच्या हाती त्याच व्यवहाराची पावती किंवा दुसऱ्या वहीतली नोंद लागली, तर त्याला नेमकी कोणती चौकट भरायची आहे हे लगेच दिसेल.